कॅमेऱ्यावर पट्टी लावली, एवढ्याने काही ठरत नाही

"माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावी सायन्सला. गणेशचवथीनंतर तो बदलला. मोबाइल आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली आहे. 'वर्गातली मुलं माझ्यावरच स्टेटस टाकतात' म्हणतो. गेल्या महिन्यात दोनदा त्याने विचारलं, 'आई, हाक मारलीस?' मी मारली नव्हती. पहाटे तीन-चारपर्यंत जागा असतो. फुटबॉल सोडला, भजनात तबला वाजवायचा तोही बंद. अंघोळ कर म्हणून सांगावं लागतं. दहावीला ८४ टक्के होते, आता दोन विषयांत नापास आहे. नवरा म्हणतो, वय आहे, मोबाइल काढून घे. सासूबाई म्हणतात, देवळात प्रसाद लावून घ्या. माझे मोठे दीर तरुणपणी आजारी पडले होते, त्यांचे उपचार बांबोळीच्या मनोरुग्णालयात झाले. म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. ही वेडाची सुरुवात आहे की वयाचा चक्रमपणा? आणि बांबोळीला नेलं तर कायमचा शिक्का बसेल का?"
— एक आई, फोंडा तालुका

ताई, तुम्हाला सगळ्यात जास्त धसका बसलाय तो त्या चिकटपट्टीचा. तपासणाऱ्या डॉक्टरच्या लेखी मात्र नुसत्या पट्टीला फारसं वजन नाही. फोन हॅक होतात, कॅमेरे लांबून चालू करता येतात, हे आजच्या प्रत्येक मुलाने कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. वजन आहे ते पट्टीमागच्या खात्रीला. आणि त्याहून जास्त वजन आहे ते तुम्ही पत्राच्या उत्तरार्धात भराभर उरकून टाकलेल्या साध्या गोष्टींना.

आधी खात्रीचं बघू. एकाच वर्गातल्या तीन मुलांनी कॅमेऱ्यावर पट्टी लावली आहे असं समजा. पहिला म्हणतो, "सगळेच लावतात, रिस्क कशाला घ्या." दुसरा म्हणतो, "कधी कधी वाटतं कुणीतरी बघतंय. वेडेपणा आहे हे कळतं, पण पट्टी लावली की बरं वाटतं." तिसरा म्हणतो, "ते बघतात. कोण ते मला माहीत आहे. काल मी शर्ट बदलला आणि लगेच त्याने त्याच रंगाचा स्टेटस टाकला." पहिल्यात आजार नाही. तिसऱ्यात सायकोसिस, म्हणजे कल्पना आणि वास्तव यांच्यामधली भिंत पडणं, बहुधा सुरू झालेलं आहे. दुसरा मधल्या पट्ट्यात आहे: संशय येतो, पण त्या संशयावर अजून शंका घेता येते. आजार की वय, असे दोनच कप्पे तुम्ही मांडलेत. तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या बऱ्याच घरांतली मुलं या मधल्या कप्प्यात असतात.

हा मधला पट्टा नीट ओळखण्याची पद्धत १९९०च्या दशकात मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगॉरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. आज जगभरचे मनोविकारतज्ज्ञ तिच्याच धर्तीवर प्रश्न विचारतात. "तुला भास होतात का?" असं कुणी जाणकार थेट विचारत नाही. विचारतात ते असं: हे तुला किती खरं वाटतं, शंभरातले किती? दुसरं काही कारण असू शकेल का? आठवड्यात किती वेळा वाटतं आणि किती वेळ टिकतं? आणि सगळ्यात बोलका प्रश्न: यामुळे तू काय करायचं सोडलंस, किंवा काय नवीन करायला लागलास? "वाटतं, पण जाऊ दे" म्हणणारा मुलगा आणि त्याच वाटण्यामुळे बस बदलणारा, डबा न खाता परत आणणारा मुलगा यांच्यात फरक आहे. कल्पना दोघांची सारखीच विचित्र असेल, पण दुसऱ्याच्या बाबतीत ती वागण्यात उतरली आहे.

इथे एक गोष्ट घरोघरी राहून जाते. मुलं त्याच्यावर स्टेटस टाकतात हे खरंही असू शकतं. अकरावीचा नवा वर्ग, नवे ग्रुप, त्यात एखाद्याला टार्गेट करणं काही दुर्मीळ नाही. म्हणून भ्रम म्हणण्याआधी वर्गशिक्षकांशी किंवा हायर सेकंडरीच्या समुपदेशकांशी शांतपणे बोला, मुलाचं नाव वर्गात चर्चेला येणार नाही अशा बेताने. त्यांना तीनच गोष्टी विचारा: वर्गात कुणी त्याला छळतं का, तो मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो, आणि प्रश्न विचारल्यावर त्याचं उत्तर मुद्द्याला धरून असतं की भरकटतं. तिसरं उत्तर डॉक्टरना फार उपयोगी पडतं. बोलण्याचा धागा सुटणं, वाक्य अर्ध्यावर तुटणं, "काय म्हणत होतो मी?" असं वारंवार होणं हे घरात सवयीने दिसेनासं होतं. बाहेरच्याला ते दिसतं.

हाक ऐकू येण्याची भीती मात्र थोडी कमी करा. कुणीतरी नाव घेतल्याचा भास निरोगी माणसांनाही होतो, विशेषतः झोप लागता लागता किंवा जाग येता येता. आयर्लंडच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा १३ ते १८ वयोगटातल्या साधारण साडेसात टक्के मुलांनी भासासारखे किंवा भ्रमासारखे अनुभव सांगितले होते. त्यातल्या बहुतेकांचे ते आपोआप मावळतात. शिवाय रोज पहाटे चारला झोपून सातला उठणाऱ्या मेंदूला असे आवाज फार सहज ऐकू येतात. महिन्यातून दोनदा आलेली हाक, आणि तीही "तू मारलीस का?" असं विचारून पडताळून घेतलेली, हे हलकं लक्षण आहे. विचारतो, म्हणजे शंका घ्यायची ताकद शाबूत आहे. तो विचारायचा थांबला आणि उत्तर देऊ लागला, आवाज पूर्ण वाक्यं बोलू लागला, त्याच्या प्रत्येक कृतीवर टीका करू लागला किंवा हुकूम देऊ लागला, तर वजन एकदम वाढतं.

आता साध्या गोष्टींकडे. चक्रमपणा बऱ्याच मुलांच्या स्वभावातच असतो. एखादा बारा वर्षांचा असल्यापासून एकटा, विक्षिप्त, गणितात बुडालेला असेल आणि सोळाव्या वर्षीही तसाच असेल, तर डॉक्टर फारसे अस्वस्थ होत नाहीत. त्यांची तुलना इतर मुलांशी नसते, त्याच मुलाच्या वर्षभरापूर्वीच्या रूपाशी असते. म्हणून डॉक्टरकडे जाताना एक कागद न्या. त्यावर गेल्या दीड वर्षाचे महिने लिहा आणि प्रत्येकापुढे आठवेल ते: कोण मित्र घरी येत होते, शेवटची मॅच कधी खेळला, तबला कधी सुटला, झोप कधीपासून उलटली, कुठल्या परीक्षेत किती. तारखा आठवत नसतील तर चवथ, शिगमो, गावची जत्रा, मोबाइलमधले फोटो यांचा आधार घ्या. घसरण हळूहळू झाली की एका आठवड्यात, हे या कागदावरून कळतं आणि त्यावर बरंच काही अवलंबून असतं. आठवड्याभरात कोसळलेल्या मुलात आधी शारीरिक आजार किंवा नशा शोधतात. महिनोन्‌महिने ओसरत गेलेल्यात नैराश्य किंवा सायकोसिसची पूर्वावस्था.

घसरण किती म्हणजे दखलपात्र, यालाही माप आहे. शाळा, मित्र आणि स्वतःची काळजी यांवरून शंभरपैकी गुण देतात. आधीच्या पातळीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांची घट आणि ती किमान महिनाभर टिकलेली, म्हणजे तज्ज्ञ सावध होतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत अभ्यास, खेळ, संगीत, स्वच्छता, झोप अशा पाच आघाड्या एकदम मागे हटल्या आहेत आणि चवथ होऊन महिने झाले. फक्त मार्क गेले असते तर सायन्सचा ताण म्हणता आलं असतं. पाचही जातात तेव्हा "वय आहे" या उत्तराने काम भागत नाही.

पण घसरण कशामुळे, हे त्या मापातून कळत नाही. ते कळायला एकच प्रश्न पुरतो, आणि तो तुम्हीही विचारू शकता: फुटबॉल का सोडलास? उत्तर देताना त्याला घाई करू नका. "कशातच मन लागत नाही, माझ्यामुळे टीम हरते" हे नैराश्याच्या अंगाने जाणारं उत्तर आहे. "सगळे माझ्याकडे बघून हसतील" म्हणतो आणि बोलता बोलता "मला माहीत आहे मी जास्तच विचार करतो" असंही म्हणतो, तेव्हा बहुधा चारचौघांतली भीती असते. "रात्री गेम असतो, सकाळी उठवत नाही" म्हणणाऱ्याचे मित्र तुटलेले नसतात, फक्त ऑनलाइन गेलेले असतात. "पास देताना ते एकमेकांना खुणा करतात, त्या माझ्यासाठी असतात" हे उत्तर आलं तर त्याच दिवशी अपॉइंटमेंट घ्या. आणि एक उत्तर असं असतं की ऐकणाऱ्याला ते आळशीपणाचं वाटतं: "बॉल आला की पुढे काय करायचं तेच सुचत नाही, विचार मध्येच बंद पडतो." किंवा नुसतं "असंच", चेहऱ्यावर ना दुःख ना राग. ही दोन उत्तरं घरचे सहज सोडून देतात. विचार तुटणं आणि भावना सपाट होणं या पूर्वावस्थेच्या खुणा असू शकतात, आणि त्या चिकटपट्टीहून कितीतरी शांत असतात.

नशेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण डॉक्टर विचारणारच. गांजा गोव्यात मिळणं कठीण नाही आणि सोळाव्या वर्षी त्याचा संशयी वृत्तीशी जवळचा संबंध आहे. चोरून लघवी तपासू नका. पकडला गेला तर तो तुमच्याशी बोलायचा थांबेल, आणि निष्कर्षही फसवा असतो. अधूनमधून ओढणाऱ्यात गांजा काही दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्यात काही आठवडे, पण त्यावरून आजाराचं कारण सिद्ध होत नाही. त्याच्या संमतीने डॉक्टरच्या समोर तपासणी व्हावी. समजा गांजा निघाला, तरी "चला, कारण सापडलं" म्हणून थांबू नका. गांजा बंद होऊन महिना उलटला आणि संशय तसाच असेल, तर तो गांजापुरता नव्हता.

दिरांची भीती जरा मापात आणू. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारण लोकांत शंभरात सुमारे एकाला होतो. आई, वडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर धोका दहाच्या आसपास जातो. काका आजारी असेल तर तो दोन ते चारच्या घरात राहतो. पूर्वावस्थेच्या निकषांत 'घराण्यातला आजार' म्हणून फक्त आई-वडील, भावंडं धरतात, काका धरत नाहीत. तेव्हा डॉक्टरना दिरांबद्दल जरूर सांगा, पण मुलाकडे बघताना त्यांचा चेहरा आठवत राहाल तर त्याच्या प्रत्येक हसण्याला अर्थ चिकटेल. आणि मुलांना ते कळतं.

सासूबाईंचं म्हणणं मोडून काढू नका. देवळात कौल मागणं, प्रसाद लावणं आपल्याकडे रीत आहे. गावचा देवचार रात्री फिरतो असं मुलगा म्हणाला तर डॉक्टर त्याला भ्रम म्हणणार नाहीत, कारण ते अख्खं गाव म्हणतं. भ्रम मोजताना समाजाची श्रद्धा आधी वजा करावी लागते. "देवचार माझ्या एकट्याच्या मोबाइलवर खुणा पाठवतो" असं तो म्हणाला आणि ऐकून खुद्द सासूबाई दचकल्या, तर तो मुद्दा झाला. या बाबतीत आजीचा कान डॉक्टरच्याही कामाचा असतो. प्रसाद लावायचा तर लावा, फक्त त्यासाठी अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका. त्याला उपाशी ठेवणं, रात्रभर जागवणं किंवा मारणं असं कुणी घाड्याने सांगितलं तर तिथून उठून या. जागरणाने हीच लक्षणं वाढतात.

नवऱ्याचा उपाय, मोबाइल काढून घेण्याचा, अर्धा बरोबर आहे. एका दिवसात हिसकावून घेतला तर "तुम्हीही त्यांच्यात सामील आहात" या विचाराला पुरावा मिळतो. त्याऐवजी झोपेचा करार करा: रात्री अकरानंतर घरातल्या सगळ्यांचे फोन बैठकीच्या खोलीत, तुमचा आणि वडिलांचाही. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. दोन आठवड्यांत झोप सुधारली आणि संशयही उतरला, तर ती डॉक्टरसाठी मोठी माहिती आहे. झोप सुधारूनही संशय तेवढाच राहिला, तर तीही.

संशयावर त्याच्याशी वाद घालू नका आणि मानही डोलावू नका. "असं काही नसतं रे" म्हटलं की तो पुढचं सांगत नाही, "हो, ती मुलं वाईटच" म्हटलं की संशय पक्का होतो. "तुला सारखं बघितल्यासारखं वाटत असेल तर थकवा येत असेल. झोप लागते का मग?" असं भावनेला धरून बोला. डॉक्टरकडे नेतानाही झोपेचंच कारण पुढे करा. ते खरं आहे आणि त्यात त्याचा अपमान नाही. 'फिरायला जाऊ' असं खोटं सांगून नेऊ नका.

बांबोळीची आयपीएचबी ही मनोविकाराची सरकारी संस्था आहे, गोवा मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे गोमेकॉच्या परिसराजवळ. तिथल्या ओपीडीत जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. पहिल्या भेटीत तुमच्याशी बोलतात, मग त्याच्याशी एकट्याने. तुम्ही बाहेर बसा, आणि आत काय झालं याची उलटतपासणी घेऊ नका. शरीरही तपासून घ्या असा आग्रह धरा: रक्ताच्या साध्या तपासण्या, थायरॉइड, बी-१२. हात थरथरत असतील किंवा यकृताची तक्रार असेल तर शरीरात तांबं साठण्याच्या विल्सन आजाराची तपासणी, झटक्यांचा संशय असेल तर ईईजी. सायकोसिस दाखवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन मात्र नाही. निदान होतं ते संभाषणातून, आणि बऱ्याचदा दोन-तीन भेटींनंतर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क आहे. शाळेला कळवायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवाल. लगेच जाणं जमत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

डॉक्टर "अजून मधल्या पट्ट्यात आहे" म्हणाले तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. अशा निकषांत बसणाऱ्या मुलांपैकी दोन-तीन वर्षांत साधारण चार-पाचांतल्या एकाला पूर्ण सायकोसिस होतो. बाकीच्यांना होत नाही, पण त्यांतल्या अनेकांना नैराश्य किंवा भीतीचा आजार असतो आणि त्यावर उपचार लागतात. या टप्प्यावर पहिला उपचार संवादाचा, म्हणजे विचार पडताळून पाहायला शिकवणारी थेरपी, आणि घरच्यांबरोबर बैठका. केवळ पुढचा धोका टळावा म्हणून भासावरची औषधं देऊ नयेत, असं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पहिल्याच भेटीत ती लिहून दिली गेली तर कशासाठी, किती दिवस आणि वजन-साखर कधी तपासायची, हे विनासंकोच विचारा. लक्षणं पूर्ण तीव्रतेची असतील तर मात्र औषध लागतं, कमी मात्रेपासून, आणि त्यात उशीर केला तर सावरणं अवघड होतं. दोन्ही बाबतींत लक्ष ठेवणं तीन वर्षांपर्यंत चालू शकतं. "आता काही नाही" असं ऐकलं तरी पुढची तारीख घेऊनच बाहेर पडा.

माझ्या मते तुमच्या मुलासाठी आज रात्री धावाधाव करायची गरज दिसत नाही, पण परीक्षा संपेपर्यंत थांबणंही बरोबर नाही. दोन आठवड्यांच्या आत पहिली भेट व्हायला हवी. त्याला आधी एकदा सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल, आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, विष घातलंय म्हणून जेवण सोडलं असेल, किंवा दोन-तीन रात्री अजिबात न झोपताही तो उत्साहाने फिरत असेल, तर त्याच दिवशी न्या. ताप, झटके, अंग ताठरणं, दिवस-वेळेचं भान सुटणं किंवा अचानक बोलणं बंद होणं यांपैकी काही दिसलं तर मेंदूला सूज आल्याची शक्यता धरून १०८ ला फोन करा आणि थेट गोमेकॉच्या अपघात विभागात जा, मानसोपचाराच्या ओपीडीत नव्हे.